नळी तीच, सूर मात्र हवेचा

चर्चमधल्या मोठ्या पाइप ऑर्गनच्या पोटात शिरलं की एक विचित्र गोष्ट दिसते. एका रांगेत माणसाच्या डोक्याच्या बरीच वर जाणारी, साधारण आठ फुटांची धातूची नळी उभी असते. तिच्या मागच्या रांगेत तिच्या निम्म्या उंचीची एक लाकडी चौकोनी नळी असते आणि तिच्या वरच्या तोंडात चामडं गुंडाळलेलं बूच बसवलेलं असतं. वाजवणारा जी पट्टी दाबतो ती दोन्ही नळ्यांना एकाच वेळी हवा देते, आणि दोघींतून निघतो एकच खर्जातला सूर. सेकंदाला सुमारे ६५ कंपनं, म्हणजे पेटीवरच्या मधल्या पांढरी एकच्याही दोन सप्तकं खाली. लांबीत दुपटीचा फरक आणि सूर मात्र एकच. हे त्या बुचानं साधलं जातं.

मराठी माणसाच्या कानावर ‘ऑर्गन’ आला तो संगीत नाटकांमुळे. पायानं भाता चालवत वाजवायचं ते वाद्य पेटीच्याच जातीचं. त्यात नळ्या नसतात, पितळेच्या पट्ट्या थरथरतात. पाइप ऑर्गनची जात वेगळी. त्याच्या बहुतेक नळ्यांमध्ये थरथरणारा धातूचा एकही भाग नसतो. नळीच्या खालच्या टोकाशी बासरीसारखं तोंड असतं: खालून आलेली हवा एका बारीक चिरेतून पातळ पट्ट्यासारखी बाहेर पडते आणि समोरच्या धारदार ओठावर आदळते. हा हवेचा पट्टा क्षणात नळीच्या आत वळतो, क्षणात बाहेर. सेकंदाला किती वेळा आत-बाहेर करायचं, हे तो स्वतः ठरवत नाही. नळीतली हवा ते त्याच्याकडून करवून घेते.

ती कसं करवून घेते, हे एका दाबाच्या लाटेमागे जाऊन पाहता येतं. हवेचा पट्टा आत वळला की तोंडाशी हवा थोडी दाबली जाते आणि हा दाब ध्वनीच्या वेगानं नळीत वर चढू लागतो. नळीचं वरचं टोक उघडं असेल तर तिथं पोहोचल्यावर दाबलेली हवा मोकळ्या जागेत फाकते, इतकी की मागे उलट थोडी विरळ जागा तयार होते. वर गेला होता दाब, खाली परत येते ती विरळता. तोंडही उघडंच असतं, त्यामुळे तिथंही हाच उलटापालटीचा प्रकार होतो आणि विरळतेचा पुन्हा दाब होतो. म्हणजे लाट एकदा वर जाऊन खाली आली की सगळं मूळच्या स्थितीत. एका कंपनाला एक फेरी पुरते. नळीची लांबी L आणि ध्वनीचा वेग v धरला तर फेरीचं अंतर 2L आणि वारंवारता v/2L.

आता वरच्या तोंडात बूच बसवू. दाब वर पोहोचतो, पण फाकायला जागाच नाही. तो बुचावर आपटून दाबाच्याच रूपात परत फिरतो. खाली उघड्या तोंडाशी आल्यावर मात्र त्याची विरळता होते. एक फेरी झाली तरी काम अर्धंच झालं. सुरुवातीला दाब होता तिथं आता विरळता आहे. मूळ स्थिती यायला आणखी एक पूर्ण फेरी हवी. अंतर झालं 4L, वारंवारता v/4L. लांबी तीच ठेवून तोंड बंद केलं की सूर बरोब्बर एक सप्तक खाली उतरतो, किंवा सूर तोच हवा असेल तर नळी निम्मी पुरते.

ऑर्गन बांधणाऱ्यांनी या सवलतीचा शतकानुशतकं पुरेपूर फायदा घेतला आहे. पायानं वाजवायच्या पट्ट्यांना सोळा फुटी सूर लागतात. उघड्या नळ्या उभ्या करायच्या तर तेवढं उंच छत हवं, शिवाय लाकूड आणि कथील भरपूर. छोट्या चर्चमध्ये ते परवडत नाही. म्हणून तिथं ‘बोर्डन’ नावाच्या बुचाच्या लाकडी नळ्या बसवतात. वाजवणाऱ्याच्या हाताशी असलेल्या खुंटीवर ऐटीत ‘१६’ लिहिलेलं असतं, आणि आतली सगळ्यात मोठी नळी जेमतेम आठ फुटांची असते. हा आकडा नळीच्या लांबीचा नाही, सुराच्या खोलीचा आहे. सगळेच ऑर्गनवाले तो तसाच वाचतात, त्यामुळे कुणाची फसवणूक होत नाही.

बचतीची किंमत मात्र मोजावी लागते, ती नादात. उघड्या नळीत मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे उपस्वर उमटतात. बंद नळीत फक्त विषम पटीचे, म्हणजे तिप्पट, पाचपट, सातपट. दुपटीचा, म्हणजे वरच्या षड्जाचा उपस्वर नसल्यानं बंद नळीचा आवाज पोकळ, मऊ, काहीसा झाकलेला वाटतो. उघडी नळी त्यामानानं खणखणीत. याची कसोटी सोपी आहे. नळीला गरजेपेक्षा जोरानं हवा दिली की ती मूळ सूर सोडून पुढच्या उपस्वरावर उडी मारते. उघडी नळी उडी मारते ती वरच्या षड्जावर. बंद नळीला तो षड्ज उपलब्धच नाही. ती थेट त्याच्याही वरच्या पंचमावर जाऊन किंचाळते. डोळे मिटून बसलेला जाणकार या एका किंचाळीवरून नळीला बूच आहे की नाही हे सांगू शकतो.

हा सप्तकाचा खेळ घरी करून पाहायला अर्धा मीटर लांबीचा, इंचभर आतल्या व्यासाचा पीव्हीसी पाइप पुरतो. पाइपच्या एका तोंडावर तळहात आपटायचा आणि तसाच दाबून ठेवायचा: ‘टुब्’ असा खालचा सूर येतो. पुन्हा आपटायचा, पण या वेळी चटका बसल्यासारखा हात झटकन उचलायचा. सूर वर उडी मारतो. पहिल्या वेळी पाइप बंद होता, दुसऱ्या वेळी उघडा. तीस अंशांच्या खोलीत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर असतो, तेव्हा हिशेबानं बंद पाइपचा सूर १७४.५ हर्ट्झ आणि उघड्याचा ३४९ हर्ट्झ यायला हवा.

फोनवरच्या सूर मोजणाऱ्या ॲपनं पाहिलं तर आकडे थोडे कमी येतील, आणि यात पाइपची किंवा ॲपची चूक नसते. उघड्या तोंडाशी आलेली लाट काठावर येऊन थबकत नाही. ती थोडी बाहेर डोकावते आणि मग फिरते. त्यामुळे प्रत्येक उघड्या टोकाशी नळी त्रिज्येच्या सुमारे ०.६ पट जास्त लांब असल्यासारखी वागते. आपल्या पाइपची त्रिज्या साडेबारा मिलिमीटर, म्हणून ही वाढ साडेसात मिलिमीटर. बंद पाइपला एकच उघडं टोक, तेव्हा लांबी ५०७.५ मिलिमीटर धरायची आणि सूर येतो सुमारे १७२ हर्ट्झ. उघड्याला दोन टोकं, लांबी ५१५ मिलिमीटर, सूर सुमारे ३३९. या दोघांतलं गुणोत्तर दोन नाही, १.९७ आहे. पाठ्यपुस्तकातलं ‘बरोब्बर सप्तक’ खऱ्या पाइपमध्ये थोडं अपुरं पडतं आणि तयार कानाला हा फरक कळतोही.

ऑर्गनच्या नळीत ही वाढ कितीतरी मोठी असते, कारण तिचं तोंड म्हणजे एक अरुंद खिडकी असते आणि अशा खिडकीशी लाट जास्तच घुटमळते. एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच ऑर्गन बांधणारा आरिस्तिद कावाये-कोल यानं गोल उघड्या नळ्यांसाठी एक अनुभवसिद्ध नियम बसवला: हिशेबी लांबीतून व्यासाच्या पाच तृतीयांश इतकं अंतर वजा करा आणि मगच नळी कापा. सुरुवातीच्या त्या खर्जाच्या नळीला वीस अंशांना हिशेबानं २.६२ मीटर लांबी लागते. व्यास साडेपंधरा सेंटिमीटर असेल तर त्यातून सुमारे २६ सेंटिमीटर कमी करायचे. उरतात २.३६ मीटर, म्हणजे आठ फुटांना थोडे कमीच. कोऱ्या सूत्रावर विसंबून कुणी नळी कापली तर ती बेसूर लागणार हे ठरलेलं.

तर नळीचा सूर ठरवणाऱ्या दोन गोष्टी: लांबी आणि ध्वनीचा वेग. कारागीर लांबी ठरवतो आणि ती कायमची ठरते. वेगावर मात्र त्याचा काडीचा ताबा नाही.

हवा तापली की तिचे रेणू जोरानं धावू लागतात. दाबाची लाट म्हणजे रेणूंनी एकमेकांना दिलेले धक्केच, त्यामुळे धक्के जास्त वेगानं पुढे सरकतात. शून्य अंशाला ध्वनी सेकंदाला ३३१ मीटर जातो, वीस अंशाला ३४३, तीस अंशाला ३४९. दर अंशाला सुमारे ०.६ मीटरची वाढ. हवेच्या दाबाचा यात संबंध येत नाही. समुद्रसपाटीवरच्या मुंबईत आणि उंचावरच्या महाबळेश्वरात तापमान सारखं असेल तर, आर्द्रतेचा किरकोळ फरक सोडला, तर एकच नळी दोन्हीकडे एकच सूर देईल. महाबळेश्वरात ती उतरलेली लागते ती तिथल्या थंडीमुळे, उंचीमुळे नाही.

इथं एक गोंधळ हमखास होतो. एक मीटर परिणामी लांबीच्या दोन नळ्या घेतल्या, एक उघडी आणि एक बंद. वीस अंशाला त्यांचे सूर १७१.५ आणि ८५.७५ हर्ट्झ. हवा दहा अंशांनी तापली की ते होतात १७४.५ आणि ८७.२५. उघडीचा सूर तीन हर्ट्झनं वाढला, बंदचा दीडनं. आकडे पाहून वाटतं की उष्णतेचा परिणाम उघड्या नळीवर दुप्पट होतो. परीक्षेत असं लिहून गुण घालवणारे पुष्कळ असतात. कानाला हर्ट्झमधला फरक कळत नाही, त्याला गुणोत्तर कळतं, आणि दोन्ही नळ्या पावणेदोन टक्क्यांनीच चढल्या आहेत. त्यांच्यातलं सप्तक जसंच्या तसं आहे. त्यामुळे सुरुवातीच्या त्या आठ फुटी आणि चार फुटी नळ्या एकमेकींशी जुळलेल्या असतील, तर हवा कितीही तापो किंवा गारठो, त्या जुळलेल्याच राहतात. दोघी मिळून चढतात, दोघी मिळून उतरतात.

मग नळीचा धातू तापून लांबतो, त्याचं काय? लांबी वाढली तर सूर उतरायला हवा. तो उतरतोही, पण किती? कथील-शिशाची एक मीटरची नळी दहा अंश तापली की पाव मिलिमीटरच्या आसपास वाढते. त्यामुळे सूर ०.०२५ टक्क्यांनी खाली येतो. हवा मात्र त्याला पावणेदोन टक्क्यांनी वर ढकलत असते. या झटापटीत धातूचा वाटा सत्तराव्या हिश्शाइतका. तो विसरला तरी चालतो.

पावणेदोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये, म्हणजे एका पांढरीत आणि लगतच्या काळीत, सहा टक्क्यांचा फरक असतो. युरोपातलं जुनं, दगडी, न तापवलेलं चर्च हिवाळ्यात सहज पाच अंशांवर येतं आणि उन्हाळ्यात पंचवीसवर जातं. १५ अंशाला ज्या नळीचा पांढरी सहा, म्हणजे पाश्चात्त्यांचा ‘ए’, ४४० हर्ट्झला लावला होता, तो जानेवारीत ४३२ ला घसरतो आणि जुलैत ४४८ च्या जवळ जातो. फरक अर्ध्या पट्टीहून जास्त. सगळ्या नळ्या एकदम सरकत असल्यानं नुसता ऑर्गन वाजत असेल तर भाविकांना काही कळत नाही. शेजारी पियानो किंवा व्हायोलिन आलं की भांडण सुरू होतं. त्यांच्या तारा उन्हाळ्यात सैल पडून उतरतात आणि ऑर्गन मात्र चढत असतो. अशा मैफलीत माघार वादकांनीच घ्यायची असते. शेकडो नळ्या एका संध्याकाळी कोण कापत किंवा जोडत बसणार?

भांडण ऑर्गनच्या आतही होतं. मोठ्या ऑर्गनमध्ये तोंडाच्या नळ्यांखेरीज जिभाळ्या नळ्यांच्या रांगा असतात, तुतारीसारखा झणझणीत आवाज देणाऱ्या. त्यांच्या तळाशी पितळेची जीभ थरथरते आणि सूर मुख्यतः तिच्या लांबी-जाडीवर ठरतो. हवा तापली तरी पितळेच्या जिभेला फारसा फरक पडत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात तोंडाच्या नळ्या वर निघून जातात आणि जिभाळ्या आहेत तिथंच राहतात. ऐकणारा म्हणतो, तुताऱ्या उतरल्या. त्या उतरलेल्या नसतात, बाकीचा सगळा ऑर्गन चढलेला असतो. पण सूर लावणारा कारागीर हा वाद घालत बसत नाही. जिभाळ्या नळ्या संख्येनं थोड्या असतात, आणि प्रत्येकीच्या जिभेवर टेकलेली एक तार जरा वर-खाली ठोकली की सूर बदलतो. म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तो जिभाळ्यांना बाकीच्यांशी जुळवून घेतो. खरा दोषी कोण, हे ठाऊक असूनही शिक्षा निर्दोषांनाच, कारण ती स्वस्त पडते.

दुसरी कटकट म्हणजे गरम हवा वर चढते. हिवाळ्यात चर्च तापवलं की खालच्या मजल्यावरच्या नळ्या गारच राहतात आणि वरच्या पेटाऱ्यातल्या तापतात. दोन नळ्या ४४० वर तंतोतंत जुळलेल्या होत्या, एक खाली आणि एक वर. वरची हवा दोनच अंश जास्त गरम झाली तरी तिथली नळी ४४१.५ ला जाते. मग दोन्ही सूर एकत्र ऐकताना आवाज ‘वाँव-वाँव’ असा दर दोन सेकंदांत तीन वेळा फुगतो आणि ओसरतो. पुस्तकात याला विस्पंद म्हणतात. सूर लावणारा कारागीर हेच विस्पंद मोजून काम करतो. ते मंद होत होत थांबले की नळी लागली. बंद नळीत तो बूच थोडं खाली दाबतो किंवा वर ओढतो, उघड्या नळीच्या वरच्या टोकावरची गळपट्टी सरकवतो. आणि नळीला शक्यतो हात लावत नाही. तळहाताची ऊब पातळ धातूतून आतल्या हवेत शिरते आणि सूर चढतो. हात काढल्यावर काही वेळानं नळी गार होते आणि जुळवलेला सूर पुन्हा खाली. नवशिक्या एकच नळी तीनतीनदा लावत बसतो, तो यामुळेच.

हवा कुठून येते, हेही पाहावं लागतं. पंखा तळघरात बसवलेला असेल आणि तिथलीच गार हवा खेचत असेल, तर गरम सभागृहातल्या नळ्या गार हवेनं बोलतात. पहिल्या दहा मिनिटांत ऑर्गनची पट्टी हळूहळू सरकत असेल तर जाणकार आधी तळघरात जाऊन पाहतो.

नळीच्या या स्वभावामुळे जगातल्या वाद्यांची प्रमाण पट्टीसुद्धा जागची हलली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपात प्रत्येक शहराचा ‘ए’ वेगळा होता आणि वाद्यवृंद जास्त चमकदार वाजावा म्हणून तो सारखा चढवला जात होता. गायकांचे गळे मेटाकुटीला आले. फ्रान्सनं एक समिती नेमली. तीत रोसिनी, बेर्लिओझ यांच्यासारखे संगीतकार होते आणि लिसाजूसारखा पदार्थवैज्ञानिकही. १८५९ साली कायद्यानं ‘ए’ ४३५ हर्ट्झ ठरला आणि त्याबरोबर तापमानही नोंदवलं गेलं: १५ अंश सेल्सिअस. हा आकडा पोलादी नादकाट्यासाठी होता. पोलाद तापल्यावर किंचित मऊ पडतं, त्यामुळे काट्याचा सूर उलट उतरतो, तोही नगण्य. पाच अंशांना ४३५ मधून पाव हर्ट्झ.

इंग्लंडात तेव्हा ‘ए’ ४५२ च्या घरात होता. १८९५ साली लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये प्रॉम्स मैफली सुरू झाल्या, तेव्हा घशाचे डॉक्टर जॉर्ज कॅथकार्ट यांनी पैसे पुरवताना अट घातली की पट्टी खाली आणायची. गायकांच्या घशात रोज डोकावणाऱ्या माणसानं ही अट घालावी यात नवल नाही. पुढच्याच वर्षी फिलहार्मोनिक सोसायटीनं नवी पट्टी स्वीकारली, पण तो आकडा फ्रेंचांचा ४३५ नव्हता. तो होता ४३९, ६८ अंश फॅरनहाइटला, म्हणजे २० सेल्सिअसला.

हे चार हर्ट्झ आले कुठून? इंग्रजांनी असा विचार केला की पंधरा अंश म्हणजे फारच थंड, मैफलीचा दिवाणखाना वीस अंशांचा असतो. पंधरा अंशाला ४३५ वाजणारी नळी वीस अंशाला किती वाजेल? ध्वनीचा वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. पंधरा सेल्सिअस म्हणजे २८८.१५ केल्विन, वीस म्हणजे २९३.१५. त्यांच्या भागाकाराचं वर्गमूळ १.००८६. त्यानं ४३५ ला गुणलं की येतात ४३८.८, पूर्णांकात ४३९. गणित निर्दोष आहे. फक्त ते नळीचं गणित आहे आणि लावलं गेलं काट्याच्या आकड्याला. तरी इंग्रजांना अगदीच मूर्ख म्हणता येत नाही. वाद्यवृंदातली सुषिर वाद्यं काट्यासारखी नाही, नळीसारखी वागतात. दिवाणखान्यात पट्टी ठरवायची तर नळीचाच विचार करायला हवा होता. लंडनचे मोठे वाद्यवृंद लगेच खाली आले. ब्रास बँडवाल्यांना सगळी वाद्यं बदलणं परवडणारं नव्हतं, त्यांच्यातले बरेच जण १९६० च्या दशकापर्यंत जुन्या चढ्या पट्टीतच वाजवत राहिले.

१९३९ मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय परिषद झाली तेव्हा ४३९ चं ४४० झालं. त्यामागे संगीत नव्हतं, रेडिओ होता. बीबीसीला प्रमाण सूर दहा लाख हर्ट्झच्या स्फटिकातून विजेच्या मंडलांनी काढायचा होता. दहा लाखांना हजारानं भागायचं, अकरानं गुणायचं, पंचविसानं भागायचं, ४४० हजर. ४३९ ही मूळ संख्या आहे. अशा सोप्या गुणाकार-भागाकारांनी तिच्यापर्यंत जाताच येत नाही.

ब्रिटिश काळात मुंबई-पुण्याच्या चर्चांसाठी विलायतेहून ऑर्गन आले. समजा एखादा ऑर्गन तिकडच्या कारखान्यात वीस अंशाला ४४० वर लावला आणि तसाच मुंबईत आणून मे महिन्यात ३२ अंशाला वाजवला, तर त्याचा ‘ए’ ४४९ च्या जवळ निघेल, एका पट्टीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त चढा. म्हणून उष्ण देशासाठीची नळी तिथल्या तापमानाचा हिशेब धरून थोडी लांब ठेवावी लागते. त्यात मुंबईची दमट हवा स्वतःची भर घालते. पाण्याची वाफ नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलकी असते, त्यामुळे दमट हवेत ध्वनी कोरड्या हवेपेक्षा किंचित जोरात धावतो. तीस अंशाच्या आसपास हा फरक अर्ध्या टक्क्याच्या घरात जाऊ शकतो, म्हणजे तीन अंशांच्या उष्णतेइतका. बंद नळ्यांना मात्र कोरडी हवा जास्त छळते. बुचाभोवतीचं चामडं आक्रसतं, फट पडते, आणि अर्धवट बंद नळीला आपण उघडी की बंद हेच कळेनासं होतं: सूर डळमळतो, कधी ती नीट बोलतच नाही. आपल्या जागेवरून खाली घसरलेलं बूच ओळखणं त्यामानानं सोपं. नळी आखूड झाल्यानं तो एकच सूर ठळकपणे चढलेला लागतो आणि शेजारचे सगळे जागेवर असतात.

बासरी ही याच घराण्यातली उघडी नळी. पुण्यात डिसेंबरमध्ये सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात रात्रीचा गारवा वाढतो तशी बासरी उतरू पाहते, आणि शेजारचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा हलत नाही. वादकाचा उबदार श्वास आतल्या हवेला थोडं सावरून धरतो. म्हणून बाजूला ठेवलेली बासरी उचलून पहिलीच फुंकर मारली की ती जास्त उतरलेली लागते आणि काही मिनिटांत वर येते. उरलेला फरक वादक ओठांशी बासरी जरा बाहेर वळवून, फुंकर बदलून भरून काढतो. फुंकणीचं भोक ओठांनी जास्त उघडं राहिलं की उघड्या टोकाशी होणारी ती जादा लांबी कमी होते आणि सूर चढतो.

ऑर्गनच्या नळीला ओठ वळवता येत नाहीत. तिथं उपाय उलट्या बाजूनं करतात: ऑर्गन ज्या तापमानाला वाजणार तेच तापमान सभागृहात कित्येक तास आधी आणून ठेवायचं, कारण भिंती, लाकडी पेटारे आणि हवेची कोठारं सावकाश तापतात. सूर लावताना तापमापक ऑर्गनच्या आत, नळ्यांच्या उंचीवर टांगतात आणि तारखेबरोबर तो आकडाही वहीत लिहितात. पुढच्या वर्षी येणाऱ्या कारागिराला ४४० वरून सरकलेला सूर सापडला, तर हत्यार काढण्याआधी तो वही उघडतो आणि अंशांचा फरक काढतो. दर अंशाला पाऊण हर्ट्झ. तेवढा वजा करून काही उरलं, तरच नळीत बिघाड शोधायचा.